डागाचा फोटो आणि घडीचा हिशोब

फोनवर येणारे डागांचे फोटो बहुतेक एकाच तऱ्हेचे असतात. पडदा भरून एक तपकिरी ठिपका, त्याच्या कडेने थोडंसं कापड आणि खाली प्रश्न : "हे कशाने जाईल?" जुनी कापडं जपण्याचं काम करत असल्यामुळे असे फोटो माझ्याकडे पावसाळ्यात आणि पावसाळा संपता संपता, म्हणजे कपाटं उघडून दसऱ्या-दिवाळीच्या साड्या बाहेर निघतात तेव्हा, भरपूर येतात. या प्रश्नाचं उत्तर मी लगेच देत नाही. डाग कशाचा आहे ते आधी कळायला हवं, कारण गंज, बुरशी, तेल आणि उतरलेला रंग या चौघांवरचे उपाय एकमेकांच्या विरुद्ध जातात. गंजावर क्लोरीनचं ब्लीच टाकलं तर डाग निघत नाही. लोह धाग्यातच राहतं आणि त्याच्या संगतीत ब्लीच सुताला अधिक वेगाने खातं. पुढे काही धुण्यांनंतर नेमक्या त्याच जागी भोक पडतं. तेलाच्या डागावर गरम इस्त्री फिरवली तर तेल हवेतल्या ऑक्सिजनशी लवकर जोडलं जातं, पिवळं पडतं आणि धाग्याला चिकटून बसतं. काठाचा रंग उतरलेली साडी 'डाग निघेल' म्हणून गरम पाण्यात भिजवली तर राहिलेला रंगही सुटू लागतो. चुकीच्या उपायानंतर मूळ डाग कशाचा होता हे ओळखणंही कठीण होऊन बसतं.

पडदाभर ठिपक्याच्या त्या फोटोवरून आपण पहिल्यांदा काय बघतो? रंग. आणि फोटोत सगळ्यात कमी भरवशाची गोष्ट रंगच असते. रात्री पिवळ्या दिव्याखाली काढलेल्या फोटोत राखाडी बुरशी तपकिरी दिसते आणि काठाचा उतरलेला गुलाबी रंग विटकरी दिसतो. फोनचा कॅमेरा उजेडाचा पिवळेपणा आपल्या अंदाजाने काढून टाकतो, पण चौकटीत सगळं कापडच असेल तर त्याला पांढरं कशाला म्हणायचं हे समजत नाही. मोतिया रंगाची साडी त्याला 'पिवळ्या उजेडातली पांढरी साडी' वाटते. मग तो सगळ्या चित्रात निळसरपणा मिसळतो आणि डागाचा रंगही बदलतो. त्यानंतर फोटो व्हॉट्सॲपवरून येताना दाबून लहान केला जातो. या दाबण्यात उजेड-अंधाराचे बारकावे बऱ्यापैकी टिकतात, रंगाचे बारकावे मात्र आधी जातात. टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके माझ्यापर्यंत पोचेपर्यंत मळकट करडे झालेले असतात.

म्हणून मी रंगाआधी तीन गोष्टी बघते : डाग कापडावर कुठे आहे, त्याची कड कशी आहे आणि तो पुन्हा कुठे उमटला आहे का. या तीन गोष्टी वाईट फोटोतही बऱ्यापैकी टिकून राहतात. त्यांतली तिसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, कारण डागाचा फोटो काढताना आपण डागाजवळ जातो. खरं उत्तर अनेकदा चार हात मागे उभं राहिल्यावर मिळतं.

चिपळूणच्या माझ्या मावसबहिणीने पाठवलेल्या एका साडीवर हे नीट दाखवता येईल. साडी तिच्या सासूबाईंची, हातमागाची, सुती, मोतिया रंगाची, गर्द लाल काठाची. सासूबाई गेल्यानंतर ती कपाटात तशीच राहिली होती. पहिला फोटो ठरल्यासारखाच होता : रात्री, दिव्याखाली, अगदी जवळून काढलेला, हरभऱ्याएवढा तपकिरी डाग. सोबत तिचा निरोप : "ताई, बुरशी धरली बघ. व्हिनेगर लावू का?" बुरशीचा अंदाज चुकीचा म्हणावा असा नव्हता. कोकणातल्या पावसाळ्यात हवेतली आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर आठवडेच्या आठवडे राहते आणि बुरशी उगवायला तेवढं पुरतं. पण त्या फोटोवरून बुरशी, गंज, जुनं तेल, चहा, केळीचा चीक, यांतलं काहीही असू शकलं असतं. मी तिला लिहिलं, "अजून काहीच लावू नकोस. सकाळी खिडकीशी ने आणि पुन्हा फोटो काढ."

तिच्याकडून मागवलेले फोटो असे होते. पहिला, साडी पूर्ण उलगडून, पलंगावर किंवा स्वच्छ जमिनीवर पसरून, पदरापासून दुसऱ्या टोकापर्यंत. एका फोटोत मावत नसेल तर तीन-चार तुकड्यांत, पण घडीच्या रेषा दिसतील असा. साडीला इस्त्री करायची नाही, कारण घडीची रेष हाच इथे पुरावा आहे. दुसरा, डागाचा जवळून, पण डागाशेजारी एक कोरा पांढरा कागद आणि दहा रुपयांचं नाणं ठेवून. कागदामुळे कॅमेऱ्याला आणि मला पांढरं म्हणजे काय ते कळतं, आणि नाण्याचा व्यास 27 मिलिमीटर असल्यामुळे डागाचं माप काढता येतं. तिसरा, त्याच डागाची उलटी बाजू. चौथा, कापड खिडकीच्या काचेसमोर धरून, म्हणजे उजेड मागून येईल असा. पाचवा, खोलीत अंधार करून टॉर्च कापडाला जवळजवळ टेकवून, उजेड आडवा फिरेल असा. फ्लॅश कशातच नको. उजेड ढगाळ दिवसाचा किंवा सावलीतल्या खिडकीचा हवा, थेट ऊन नको. आणि फोटो नेहमीसारखे न पाठवता डॉक्युमेंट म्हणून जोडून पाठवायचे, म्हणजे ते वाटेत दाबले जात नाहीत.

पूर्ण साडीचे फोटो आले तेव्हा एकाऐवजी सहा डाग दिसले. बहिणीला दोनच माहीत होते. चार डाग पदराच्या टोकापासून साधारण वीस सेंटिमीटरवर, पन्ह्याच्या आडव्या रेषेत. उरलेले दोन थेट दुसऱ्या टोकाला, तिथून तितक्याच अंतरावर, म्हणजे पहिल्या चारांपासून पाच मीटर दूर. मधल्या सगळ्या साडीवर काही नाही. "दोन वेगवेगळ्या वेळी काहीतरी सांडलं असणार," असं तिचं म्हणणं. मला ते एकाच वेळचं, एकाच जागचं वाटत होतं, आणि ते तपासायला मोजपट्टी पुरेशी होती.

साडीचा पन्हा 116 सेंटिमीटर होता. पदराजवळचे चार डाग एका काठापासून मोजले तर 8, 50, 66 आणि 108 सेंटिमीटरवर होते. आता घडी आठवा. काठाला काठ लावून साडी पन्ह्यात दुमडली की 8 वरची जागा 108 वर येऊन पडते, कारण ती दुसऱ्या काठापासून तितकीच दूर आहे. पुन्हा एकदा दुमडली की घडीची रेष 29 वर येते, आणि 8 वरची जागा 50 वर, तर 108 वरची 66 वर बसते. म्हणजे साडी घडी घातलेली असताना हे चारही डाग एकमेकांच्या बरोबर खाली होते. चार थर, एकच जागा.

गंमत पुढे आहे. घडीतल्या थरांचा क्रम उलगडलेल्या कापडातल्या क्रमासारखा नसतो. पन्हा दोनदा दुमडला की सर्वांत बाहेर पहिला चतुर्थांश, त्याच्या आत चौथा, मग तिसरा आणि सर्वांत आत दुसरा येतो. डाग बाहेरून आत झिरपला असेल तर सर्वांत गडद 8 वरचा, त्याहून फिका 108 वरचा, मग 66 वरचा आणि सर्वांत फिका 50 वरचा असायला हवा. फोटोत अगदी तसंच होतं. उलगडल्यावर शेजारी दिसणारे 8 आणि 50 हे डाग घडीत एकमेकांपासून सगळ्यात दूर होते.

मग लांबीचं. पन्ह्यात चौपदरी झालेली ती पट्टी लांबीत तीनदा अर्धी दुमडली होती. त्यात बाहेरच्या आठव्या भागाच्या लगेच आत साडीचं दुसरं टोक येतं, आणि तेही उलटं होऊन. म्हणजे दुसऱ्या टोकाच्या चार थरांपैकी सगळ्यात आधी 50 वरची जागा लागते, मग 66 वरची. म्हणून त्या टोकाला दोनच डाग होते, दोन्ही पन्ह्याच्या मध्याजवळ, आणि त्यांतला 50 वरचा किंचित गडद. पदराजवळ जो सगळ्यात फिका, तोच इथे गडद. पाच मीटर अंतरावरचे डाग प्रत्यक्षात एकाला एक चिकटून होते. हे वाचताना अवघड वाटत असेल तर एकपदरी पेपर नॅपकिन घ्या. तो एका बाजूने दोनदा आणि दुसऱ्या बाजूने तीनदा अर्धा दुमडा, वरच्या बाजूला शाईचा एक थेंब टाका आणि वाळल्यावर उलगडा. साडीवरचा सगळा नकाशा छोट्या आकारात समोर येईल.

या हिशोबाने एक गोष्ट ठरली. डाग बाहेरून, एका ठिकाणाहून आला आणि सहा थर पार करून थांबला. बुरशी असं वागत नाही. ती आतूनच, जिथे ओल आणि खाद्य मिळेल तिथे उगवते. तिला सर्वांत आवडणारं खाद्य म्हणजे कांजी, म्हणजे धुऊन खळ दिलेली सुती साडी. ती शेजारच्या थरावर पसरू शकते आणि त्यामुळे कधी कधी तिचीही आरशातल्यासारखी जोडी दिसते. पण तिचा थराथराने पायरीपायरीने उतरणारा फिकेपणा दिसत नाही. एका थरावर पाच ठिपके, लगतच्या थरावर बारा, त्याच्या पुढच्यावर काहीच नाही, असा तिचा अनियमित कारभार असतो. ठिपके लहान-मोठे, काळे, राखाडी, हिरवट, कधी गुलाबीसर. सगळ्यांना सामावणारी एक कड नसते, प्रत्येक ठिपक्याला स्वतःची असते. ताजी असेल तर आडव्या टॉर्चच्या उजेडात ती कापडाच्या वर उठलेली, पिठासारखी दिसते. घरात ज्याला बुरा आला म्हणतात तो हाच. जुनी, मेलेली बुरशी मात्र सपाट असते. तिचा काळा रंग धाग्यातच उरतो आणि फोटोत तेव्हा आकारावर आणि जागेवरच भिस्त ठेवावी लागते.

इथे घाई करायची नाही. थराथराने झिरपणं हे फक्त गंजाचं लक्षण नाही. तेलही तसंच झिरपतं, काठाचा ओला रंगही झिरपतो. घडीच्या हिशोबाने बुरशी बाजूला केली, उरलेल्या तिघांना नाही.

तेलासाठी खिडकीसमोरचा फोटो. सुती कापड पांढरं दिसतं कारण त्याच्या तंतूंमध्ये हवा अडकलेली असते, आणि तंतू-हवा-तंतू असा प्रवास करताना उजेड सारखा विखुरला जातो. तेल त्या फटींतली हवा बाहेर काढून तिची जागा घेतं. तेलातून आणि सुतातून उजेड जवळपास सारखाच वाकतो, म्हणून विखुरणं कमी होतं आणि तो सरळ पार जातो. त्यामुळे तेलाचा डाग समोरून बघितला तर गडद आणि मागून उजेड आला तर भोवतालच्या कापडापेक्षा उजळ दिसतो. भजी ठेवलेला कागद उजेडाकडे धरला की जे दिसतं तेच. ज्यांच्या नावाचा बर्नर प्रयोगशाळेत असतो त्या रॉबर्ट बुन्सेन यांनी एकोणिसाव्या शतकात याच गुणावर दोन दिव्यांचा उजेड मोजायचं उपकरण बसवलं होतं. कागदावर तेलकट ठिपका, दोन्ही बाजूंना एकेक दिवा. दोन्हीकडचा उजेड सारखा झाला की ठिपका जवळजवळ दिसेनासा होतो. गंज याच्या उलट. तो लोहाच्या ऑक्साइडचा अपारदर्शक कण आहे. समोरून गडद, मागून उजेड आला तरी गडदच.

बहिणीच्या खिडकीतल्या फोटोत सहाही डाग काळपट दिसत होते. तरीही एक शंका उरते. शेंगदाण्याचं किंवा करडईचं तेल वर्षानुवर्षं कापडात राहिलं तर ते हवेने पिवळं, मग तपकिरी होत जातं आणि त्याची ही पारदर्शकता कमी होते. खोबरेल तेल इतकं बदलत नाही. म्हणून मी कडेकडे बघितलं. तेल उभ्या-आडव्या धाग्यांच्या वाटेने धावतं. त्याच्या डागाला धाग्यांच्या दिशेने निघालेले टोकदार हात असतात आणि कड विरत जाते. इथे डागाचा मध्य गर्द, जवळजवळ काळपट तपकिरी होता. त्याभोवती नारिंगीकडे झुकणारं वलय होतं. उलट्या बाजूला तेच, थोडं फिकं. हे वलय गंजाचं बोलकं चिन्ह आहे. लोखंड ओल्या कापडाला टेकतं तेव्हा गंजाचे कण जागीच राहतात, पण थोडं लोह पाण्यात विरघळून बाहेर सरकतं आणि तिथे हवेशी जोडलं जाऊन पुन्हा गंज होतं. म्हणून गडद मध्य आणि नारिंगी कड. मध्याला टेकलेल्या वस्तूचा आकारही पुष्कळदा असतो : टाचणीची रेघ, हुकाचा वाक, हँगरच्या तारेची सरळ ओळ. इथला आकार वेडावाकडा होता, त्यामुळे टाचणी नव्हे, पत्रा असावा असं वाटलं.

काठाच्या रंगाचा प्रश्न त्यामानाने लवकर सुटला. उतरलेला रंग कापडावरच्या कुठल्या तरी रंगाचा नातेवाईक असतो. गर्द लाल फिका होतो तेव्हा गुलाबी होतो. सहसा नारिंगी होत नाही, पण काही लाल रंग दोन-तीन रंग मिसळून केलेले असतात आणि त्यांतला पिवळसर भाग पाण्याबरोबर पुढे धावतो, म्हणून ही शक्यता मी पूर्ण टाकत नाही. उतरलेला रंग काठाला लागून सुरू होतो, किंवा काठ घडीत जिथे टेकत होता तिथे उमटतो. पाणी जिथे थांबलं तिथे त्याची गडद रेघ असते, आणि मधला भाग फिका. मध्य गडद आणि कड फिकी, हे त्याच्या उलट झालं. शिवाय 8 सेंटिमीटरवरच्या डागाचा आणि काठाच्या आतल्या कडेचा मधला भाग पूर्ण स्वच्छ होता. रंग काठापासून तिथे उडी मारून जात नाही.

महाराष्ट्रातल्या घरांत एक पाचवा डाग या चारांमध्ये मिसळून येतो, आणि फोटोत तो सगळ्यात जास्त फसवतो. हळदीचा. हळदीचा पिवळा रंग साबणाच्या क्षाराने तांबडा-लाल होतो. जेवताना सांडलेल्या आमटीच्या डागावर साबण चोळला की लाल धब्बा दिसतो, घाबरून फोटो काढला जातो, आणि "शेजारच्या कपड्याचा रंग लागला" असा निष्कर्ष निघतो. अशा फोटोत मी एकच विचारते : साबण लावायच्या आधी कसा दिसत होता? आधी पिवळा आणि नंतर लाल असेल तर हळदच. साबण धुऊन निघाला की तो पुन्हा पिवळा होतो, आणि ऊन त्याला फिकट करतं.

कोकणासाठी आणखी एक सावधगिरी. जांभ्याच्या भागातली तांबडी मातीही लोहाच्या ऑक्साइडमुळेच तांबडी असते, त्यामुळे फोटोत चिखलाचा शिंतोडा आणि गंज यांचा रंग एकच येतो. मात्र माती कणांनी, धाग्यांच्या वर बसते. आडव्या टॉर्चमध्ये तिचे कण दिसतात आणि उलट्या बाजूला डाग नसतो किंवा फारच कमी असतो. आणि हिरड्यासारख्या तुरट रंगद्रव्याने माखलेल्या कापडावर गंज तपकिरी न दिसता काळा-निळसर दिसतो, कारण लोह आणि तुरट द्रव्य मिळून काळा रंग होतो. कलमकारीतला काळा रंग याच संयोगातून येतो : हिरड्यात भिजवलेलं कापड आणि लोखंड-गुळाच्या आंबवणातून केलेली शाई. म्हणून चहा सांडलेल्या जागी गंज लागला तर त्या करड्या-काळ्या डागाला बुरशी म्हणायचा मोह होतो.

बहिणीला मी विचारलं, "साडी कुठल्या खणात होती? त्या फळीवर हात फिरवून बघ." साडी लोखंडी कपाटाच्या सगळ्यात खालच्या फळीवर, खाली कागद-कापड काही न घालता ठेवलेली होती. फळीच्या पुढच्या भागात रंगाचा पोपडा उडालेला, आणि खाली तांबूस पत्रा. तिने साडी जुन्या घडीवर परत घालून तिथे ठेवली तेव्हा 8 सेंटिमीटरवरचा डाग त्या पोपड्यावर आला. फोटोवरून काढलेला निष्कर्ष फोटोच्या बाहेर असा तपासून बघणं मला नेहमी महत्त्वाचं वाटतं. गंजाला लोखंड हवं, तेलाला भांडं किंवा हात, रंगाला रंगीत शेजारी. त्या वस्तू घरात सापडल्या नाहीत तर निदान पुन्हा बघावं.

बुरशीचा तिचा पहिला अंदाज मात्र सपशेल खोटा ठरला नाही. खिडकीतल्या फोटोत 8 सेंटिमीटरवरच्या डागाच्या भोवती बारीक राखाडी ठिपके होते, आणि ते घडीच्या कुठल्याही हिशोबात बसत नव्हते. ओल आल्याशिवाय गंज पसरत नाही, आणि त्याच ओलीत खळ दिलेल्या कापडावर बुरशी उगवते. एकाच जागी दोन डाग, दोन वेगळे उपाय. अशा वेळी क्रम महत्त्वाचा. आधी बुरशीचा सुका भाग घराबाहेर, तोंडाला कापड बांधून, मऊ ब्रशने झटकायचा, कापड ओलं करायच्या आधी, नाहीतर तिचे बीजकण पसरतात. मग काठाचा रंग पक्का आहे का ते तपासायचं : पांढऱ्या सुती कापडाचा ओला बोळा काठाच्या उलट्या बाजूला काही मिनिटं दाबून धरायचा. बोळ्यावर गुलाबी उमटलं तर घरी काहीही करायचं नाही. त्यानंतर गंज. त्याला आम्ल लागतं, कारण लिंबातलं सायट्रिक आम्ल लोहाला धरून पाण्यात विरघळवतं. काठ कोरडा ठेवून फक्त डागावर लिंबाचा रस, थोडा वेळ, मग भरपूर साध्या पाण्याने धुणं, आणि गरज पडली तर पुन्हा. आम्ल धाग्यात राहून वाळलं आणि वर इस्त्री फिरली तर सूत कमजोर होतं, म्हणून धुणं हा भाग रसापेक्षाही महत्त्वाचा. बाजारात मिळणारं ऑक्झॅलिक आम्ल जास्त लवकर काम करतं, पण ते विषारी आहे आणि घरच्या साडीसाठी मी ते सुचवत नाही. रेशमी, जरीच्या किंवा विरलेल्या साडीवर यातलं काहीच घरी करू नये.

फोटोवरून जे ठरत नाही तेही सांगायला हवं. गडद किंवा दाट छापील कापडावर डागाची कड दिसत नाही आणि मागून उजेड पार येत नाही, तिथे मी निर्णय देत नाही. धुऊन, इस्त्री करून, घडी मोडून मग काढलेल्या फोटोत सगळ्यात मोठा पुरावा गेलेला असतो. वास फोटोत येत नाही, आणि कुबट वास हा ओल्या बुरशीचा फार चांगला साक्षीदार आहे. म्हणून फोटोसोबत मी नेहमी तीन गोष्टी लिहून मागते : वास येतो का, बोटाला तेलकट किंवा खरखरीत लागतं का, आणि डाग धुतल्यानंतर आला की ठेवल्यानंतर. धुतल्यानंतर लगेच दिसला असेल तर मन रंगाकडे किंवा हळदीकडे वळतं, ठेवणीतून निघाला असेल तर गंज, बुरशी आणि जुन्या तेलाकडे. पूर्वी न दिसलेलं तेल वर्षांनी पिवळं होऊन वर येतं, म्हणून "साडी स्वच्छ धुऊनच ठेवली होती" या वाक्याने तेल सुटत नाही.

बहिणीच्या साडीच्या काठाने बोळ्यावर रंग सोडला नाही, तेव्हा तिने लिंबाचा उपाय केला. दुसऱ्या टोकाचे दोन्ही डाग आणि 50 वरचा डाग निघून गेले, 66 आणि 108 वरचे शोधल्याशिवाय सापडत नाहीत इतके फिके झाले. 8 वरच्या डागाचं नारिंगी वलय गेलं, मध्य अजून तपकिरी आहे, आणि तिथे आणखी आम्ल लावू नकोस असं मी तिला सांगितलं, कारण त्या जागचे धागे आधीच गंजाने कमजोर झालेले असणार. राखाडी ठिपके राहिले. बुरशी मेली तरी तिचा रंग धाग्यात असतो आणि लिंबाचा त्याच्यावर काही परिणाम होत नाही. फळीवरचा पोपडा तिने घासून रंगवला, आणि रंगाचा वास पूर्ण गेल्यावर त्यावर धुतलेलं, बिनखळीचं मलमल अंथरलं. साडीची घडी आता ती दर काही महिन्यांनी बदलते आणि तिला खळ देत नाही.